निरोपाच्या भाषणात तेवीस नावं नकोत, चार माणसं घ्या

प्रश्न: मी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. 33 वर्षं झाली, येत्या 31 मेला निवृत्त होतोय. निरोप समारंभात मला 'दोन शब्द' बोलायला लावणार हे नक्की. आयुष्यात कधी माइक हातात धरला नाही. सगळ्यांचे आभार मानायचे आहेत, पण कोणाचं नाव राहिलं तर वाईट दिसेल. शिवाय बोलता बोलता रडू येईल अशी भीती वाटते. चार-पाच मिनिटांचं भाषण कसं लिहू?

उत्तर:

भाऊसाहेब, मी आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची बरीच वर्षं महिनाअखेरचा निरोप समारंभ माझ्याकडे असायचा, शाल-श्रीफळ आणण्यापासून सूत्रसंचालनापर्यंत. खुर्चीतून उठून माइककडे जाणारा सत्कारमूर्ती मी फार जवळून पाहिला आहे, आणि त्यातल्या अनेकांची भाषणं आदल्या आठवड्यात माझ्या टेबलावर बसून तयार झाली आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

लिहायला बसण्याआधी तुमच्या कार्यक्रमाची चौकशी करा, कारण तुमची तारीख 31 मे आहे. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना 1 जून लावली गेली, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून 31 मेला बऱ्याच कार्यालयांत एकाच वेळी तीन-चार सत्कारमूर्ती असतात. तसं असेल तर तुमच्या वाट्याला चार मिनिटं येणार नाहीत, दोन येतील. 31 तारीख शनिवार-रविवारी आली तर कार्यक्रम शुक्रवारीच होतो. सूत्रसंचालन करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: मी कितवा आहे, आणि माझ्या बोलण्याआधी चहा-नाश्ता आहे का? सहकाऱ्यांची मनोगतं झाल्यावर आणि अध्यक्षीय भाषणाच्या आधी बोलायला मिळालं तर उत्तम. चिवड्याच्या प्लेट एकदा फिरू लागल्या की सभागृहाचं लक्ष परत मिळत नाही, म्हणून चहा नंतर ठेवा असं आधीच सांगून ठेवावं.

आता नावांचं. आमच्याकडे एक वरिष्ठ लिपिक होते, त्यांनाही सगळे भाऊसाहेबच म्हणत. ते माझ्याकडे दोन फुलस्केप पानं घेऊन आले. त्यात 23 नावं होती, तीही ज्येष्ठता यादीच्या क्रमाने. प्रत्येक नावापुढे 'बहुमोल सहकार्य', 'अनमोल मार्गदर्शन', 'मोलाची साथ' यांपैकी एक शब्द. मी त्यांना म्हटलं, नावं हाताने झाका आणि नुसते शब्द वाचा. त्यांनी वाचले आणि कागद खाली ठेवला. कोणतं सहकार्य कोणाचं, हे त्यांनाही सांगता येईना.

हे आपल्या कामाच्या सवयीने होतं. आपण आयुष्यभर टिपणी लिहितो. टिपणीत माणूस येत नाही, पदनाम येतं. 'सादर करण्यात येते', 'मान्यतेस्तव', 'सहकार्य लाभले' ही त्या कागदाची भाषा, आणि तिथे ती योग्यच आहे. पण समोर बसलेल्या माणसाला 'सहकार्य लाभले' म्हटलं तर त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही. त्याने कधी, काय केलं, हे सांगितलं तरच पोहोचतं.

यादीचा दुसरा धोका तुम्ही स्वतःच ओळखला आहे. बावीस नावं घेतलीत तर तेविसावा माणूस ठरवून वगळल्यासारखा दिसतो. मी सूत्रसंचालन करत असलेल्या एका कार्यक्रमात आवक-जावकच्या एक ताई आल्या होत्या. त्यांची निफाडला बदली झाली होती, या समारंभासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या आल्या. सत्कारमूर्तींनी एकोणीस नावं घेतली आणि यांचं राहिलं, कारण यादी सध्याच्या हजेरीपटावरून केली होती. ताई चहा न घेता निघाल्या. तेच जर चार नावं घेऊन चार गोष्टी सांगितल्या असत्या, तर त्यांना वगळल्यासारखं वाटलं नसतं, कारण चार नावं म्हणजे सगळे, असं कोणीच समजत नाही.

म्हणून माझं सांगणं असं की माइकवर चारच माणसं घ्या आणि बाकीच्यांचे आभार त्यांच्या टेबलावर जाऊन माना. समारंभाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर तास-दीड तास काढा आणि शाखेशाखेतून फिरा. प्रत्येकाजवळ एक-दोन वाक्यं बोला. दुसऱ्या कार्यालयात बदलून गेलेल्यांना फोन करा. आमच्या भाऊसाहेबांनी ती 23 नावांची यादी फेकली नाही. तीच हातात घेऊन ते फिरले आणि एकेका नावावर खूण करत गेले. दुसऱ्या दिवशी भाषणात नाव आलं नाही म्हणून कोणाचंही तोंड उतरलं नाही.

ती चार माणसं शोधायची कशी? तुमच्या सेवापुस्तकाची प्रत काढा. त्यात पहिल्या नेमणुकीपासून प्रत्येक बदली तारखेसह आहे. एकेका नोंदीसमोर कोऱ्या कागदावर लिहा, की या टेबलावर असताना कोणामुळे माझं काय निभावलं. काही नोंदींसमोर कोणी आठवणार नाही, तसंच सोडा. दहा-बारा गोष्टी निघतात. त्यांतून चार निवडताना मी चार जागा डोळ्यांसमोर ठेवायला सांगते: एकाने शिकवलेलं, एक अडचणीत उभा राहिलेला, एक तुमच्याहून वयाने लहान, आणि एक पदाने तुमच्याहून खाली. चारही माणसं साहेबांच्या रांगेतली निघाली तर मागच्या खुर्च्यांवरच्या लोकांना ते लगेच जाणवतं.

आमच्या भाऊसाहेबांचं भाषण अखेर असं झालं. त्यांच्या परवानगीने देते, नावं काढून.

"अध्यक्ष महोदय आणि माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

आत्ता तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात ते माझ्या पत्नीने पहिल्यांदाच ऐकलं. घरी मी ऑफिसचं काही सांगत नसे. तिने मात्र इतकी वर्षं सकाळी साडेआठला डबा तयार ठेवला. मार्चअखेरीला रात्री अकराला घरी पोचलो तरी ती जेवायची थांबलेली असायची. हे तिला कधी बोललो नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर बोलतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा मला टिपणी लिहिता येत नव्हती. पहिली टिपणी मी पानभर लिहिली. अण्णा तेव्हा अव्वल कारकून होते. त्यांनी ती परत फेकली नाही. मला शेजारी बसवलं आणि त्याच कागदाच्या समासात पेन्सिलीने चार ओळी लिहून दाखवल्या. अण्णा आज समोर बसले आहेत. अण्णा, तो कागद माझ्याकडे अजून आहे.

2008 च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. माझं घर पंचवटीत आणि मी ऑफिसात अडकलेला. दप्तरातले आप्पा म्हणाले, 'चला आमच्याकडे.' सिडकोत त्यांच्या दोन खोल्या होत्या. त्या रात्री वहिनींनी पिठलं-भाकरी केली, आणि आप्पांच्या मुलाने त्याची चादर मला दिली. आप्पा, ती रात्र मी विसरलेलो नाही.

पगारबिलं संगणकावर गेली तेव्हा मी मनातून घाबरलो होतो. लेखा शाखेतल्या ताई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एकच गोष्ट मी त्यांना दहादा विचारली असेल. दहाव्या वेळीही त्यांनी पहिल्यांदा सांगावं तसंच सांगितलं.

आणि मावशी. मावशी, तुम्ही दारात का उभ्या? आत या. माझं ऑपरेशन झालं, मी कामावर परत आलो, त्या दिवसापासून माझ्या टेबलावर बिनसाखरेचा चहा यायला लागला. मी सांगितलं नव्हतं. मावशींनी आपणहून लक्षात ठेवलं.

बारनिशी, आस्थापना, लेखा, दप्तर, गाडीवरचे, शिपाई, झाडलोट करणारे, तुमच्या हातून गेल्याशिवाय माझ्या टेबलावरचा एक कागद पुढे सरकला नाही. काल तुमच्याशी बोललोच आहे. आज पुन्हा हात जोडतो.

मार्चअखेरीला माझा आवाज चढायचा. ज्यांच्यावर चढला त्यांची माफी मागतो.

साहेब, तुम्हाला इथे येऊन पाचच महिने झाले. तेवढ्यात माझं पेन्शनचं प्रकरण तुम्ही दोनदा स्वतः विचारलंत आणि वेळेत रवाना केलंत. त्याबद्दल आभार.

माझ्या मागच्या कपाटाची किल्ली मी काल नव्या सहायकांकडे दिली. ते कपाट उघडताना कडी थोडी वर उचलावी लागते. तेवढं सांगायचं राहिलं होतं. नमस्कार."

निवांत मराठी बोलणं मिनिटाला साधारण शंभर शब्दांच्या आसपास जातं, त्यामुळे टाळ्या आणि थांबे धरून हे चार मिनिटांत बसलं. घरी मनात वाचून वेळ मोजू नका. मनातलं वाचन खूप भरभर होतं. उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर वेळ लावून वाचा. साडेचार मिनिटांच्या वर गेलं तर एक माणूस कमी करा. वाक्यं घाईने उरकून वेळ वाचवू नका.

या भाषणातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या होत्या. घरच्यांचा उल्लेख बहुतेक जण शेवटी ठेवतात. पत्नी व्यासपीठावर शेजारीच बसलेली असते, मांडीवर खण-नारळ, आणि तोवर बोलणाऱ्याचा बांध सैल झालेला असतो. तिथे आवाज गेला की सहकाऱ्यांचे आभार अर्धेच राहतात, आणि कार्यक्रम तर त्यांनी केलेला असतो. सुरुवातीला मन अजून कार्यक्रमाच्या गडबडीत असतं, म्हणून ती वाक्यं तेव्हा सहज निघतात. शेवटाला मात्र साधं, हातात धरता येण्यासारखं काहीतरी ठेवावं. भाऊसाहेबांचा गळा मावशींपाशी दाटून आला होता, पण कपाटाच्या कडीवर येईपर्यंत आवाज परत लागला. कडी वर उचलतात ते त्यांनी हाताने दाखवलं, आणि लोक हसत हसत डोळे पुसत होते.

माफीचंही तसंच. 'कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी' हे वाक्य प्रत्येक समारंभात येतं आणि कोणालाच लागू होत नाही. तुमची एखादी खरी सवय असेल तर तेवढीच सांगा. नसेल तर माफीचं वाक्य गाळलं तरी चालतं.

साहेबांबद्दल एकच गोष्ट, पण ती खरी हवी. अधिकारी बदलून येत-जात असतात. तुमचे साहेब नवे असतील आणि तुम्ही त्यांना 'मार्गदर्शक, आधारवड' म्हणालात, तर आधी झालेल्या चार चांगल्या साहेबांना ओळखणारे लोक समोरच बसलेले असतात. साहेबांनी तुमच्यासाठी वेगळं काही केलं नसेल तर 'साहेब, आज वेळ काढून आलात, आभारी आहे' एवढं पुरतं. यात कमीपणा नाही.

कोणाची गोष्ट सांगायची आणि कोणाची नाही, यात जपायला हवं. आप्पांना आम्ही आधी विचारलं, कारण दोन खोल्यांच्या घराचा उल्लेख एखाद्याला लागू शकतो. ते म्हणाले, खुशाल सांगा. स्वतःचं आजारपण सांगायला हरकत नाही, पण दुसऱ्याचं आजारपण, उसने पैसे, घरातली भांडणं माइकवर आणू नयेत, मग कितीही कृतज्ञतेने असो. मावशींना मात्र आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या त्या वेळी चहाच्या खोलीतच थांबल्या असत्या. फक्त भाऊसाहेब त्यांच्यापाशी येतील तेव्हा मावशी दाराशी असतील एवढं मी पाहिलं. तुम्ही अशा कोणाचं नाव घेणार असाल तर सूत्रसंचालकाला कानात सांगून ठेवा, कारण नेमकं त्या वेळी त्या माणसाला पाणी आणायला पाठवलेलं असतं.

एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते. अडकलेली वेतनवाढ, उशिरा मिळालेला आश्वासित प्रगतीचा लाभ, कोणी अडवून ठेवलेली फाइल, यातलं काहीही भाषणात आणू नका. तुमची तक्रार खरी असेल. पण व्यासपीठावरचे अधिकारी तिथे उत्तर देऊ शकत नाहीत, सहकारी माना खाली घालतात, आणि तुमच्या सगळ्या नोकरीतली तेवढीच एक ओळ लोकांच्या लक्षात राहते. हे होताना मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा माणूस फार चांगला होता. ते लेखी द्या, समारंभाच्या आधी द्या.

आता प्रत्यक्ष दिवसाचं. पूर्ण भाषण वाचून दाखवू नका आणि पाठही करू नका. पाठ केलेलं एका शब्दावर अडलं की सगळंच थांबतं. अर्ध्या कागदावर मोठ्या अक्षरात आठ-नऊ खुणा लिहा. भाऊसाहेबांच्या कागदावर होतं: डबा, समास, पूर, दहादा, मावशी, शाखा, मार्च, साहेब, कडी. शेवटचं वाक्य मात्र पूर्ण लिहिलेलं असू द्या, कारण गळा दाटला तर तेवढं वाचून नमस्कार करता येतो. कागद शर्टाच्या खिशात ठेवा आणि जवळचा चष्माही तिथेच. सत्कारानंतर तुमच्या अंगावर शाल असेल, एका हातात श्रीफळ, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ. तसेच माइककडे गेलात तर शाल खांद्यावरून घसरत राहते आणि खिशातला कागद काढायला हात मोकळा नसतो. नाव पुकारल्यावर आधी नारळ आणि गुच्छ खुर्चीवर ठेवा, शाल घडी करून त्यावर ठेवा, मग माइककडे जा. माइक ओठांपासून वीतभर लांब. 'हॅलो, हॅलो' करून तपासू नका, ते सूत्रसंचालकाचं काम आहे.

रडू येईल का? कदाचित येईल. आलं तर 'माफ करा, मला बोलवत नाही' असं म्हणू नका, कारण ते म्हणतानाच जास्त येतं. बोलणं थांबवा, पाण्याचा एक घोट घ्या, कागदावरच्या पुढच्या खुणेवर बोट ठेवा आणि तिथून सुरू करा. पाण्याची बाटली डायसवर असते, पण झाकण घट्ट असतं. ते आधीच फिरवून सैल करून ठेवायला कोणाला तरी सांगा. ही थांबलेली पाच-सात सेकंदं तुम्हाला फार मोठी वाटतील, पण समोरच्यांना नाही. आणि एखादी गोष्ट घरी तीनदा वाचूनही पूर्ण होत नसेल, तर ती माइकवर आणू नका. ती त्या माणसाला आदल्या दिवशी टेबलापाशी सांगा.

तुमच्या सेवापुस्तकातून निघालेल्या दहा-बारा गोष्टी इथे लिहिल्यात, नावं न घालता, तर त्यांतल्या कोणत्या चार घ्याव्यात आणि कोणत्या क्रमाने, ते मी सांगेन. 31 मेच्या आठवडाभर आधी तरी लिहा, म्हणजे मोठ्याने वाचायला तुम्हाला तीन-चार संध्याकाळी मिळतील.